प्रेस किटमधलं अव्वांचं वाक्य

मला कुणी ‘सोपं काम आहे’ म्हटलं की माझं डोकं तिथंच फिरतं. त्या पोरीनं फोनवर नेमकं तेच म्हटलं.

"ताई, सोपं काम हाय. कॅफे उघडायलोय. तेवढं एक प्रेस किट करून द्या."

आमच्या कोल्हापुरात बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. बाहेरचे लोक हसतात, हसू देत बापडे. पोर म्हणजे तरी काय, चांगली पस्तिशीची बाई होती. पुण्यात एका मोठ्या कॉफीवाल्यांकडे नव्या मुलांना कॉफी करायला शिकवायची. तिथला संसार मोडून परत आली होती आणि राजारामपुरीच्या एका गल्लीत, जुन्या झेरॉक्सच्या गाळ्यात, कॅफे थाटत होती.

मी बरीच वर्षं इथल्या एका दैनिकाच्या पुरवणीवर काढली. नोकरी सुटली, पण शब्द जुळवायची खोड सुटली नाही. आता घरी बसून लोकांच्या प्रसिद्धीची कामं करते. कुणाचं शोरूम, कुणाचा दवाखाना, कुणाचा कॅफे. प्रेस किट म्हणजे काय हे लोकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं झकास फाईल आणि वर पेढ्याचा बॉक्स. डोंबल! उपसंपादकाला संध्याकाळच्या गडबडीत एकही फोन न करता बातमी लावता यावी, एवढ्यासाठी ते असतं. एक पान निव्वळ माहितीचं. नाव, पत्ता, वेळ, किती माणसं बसतात, काय मिळतं, कधीपासून. मग फोटो, आडवे आणि उभे दोन्ही, छापण्याजोगे मोठे, प्रत्येकाखाली ओळ आणि काढणाऱ्याचं नाव. मालकाची ओळख, एक मोठी आणि एक चार ओळींची, कारण जागा नेहमी चार ओळींचीच उरते. आणि शेवटी तयार अवतरणं, म्हणजे ज्याला सगळे कोट म्हणतात ते. माणसाच्या तोंडची दोन-तीन वाक्यं, जशीच्या तशी उचलून छापता येतील अशी. यात माझा एकच हट्ट असतो. ज्याच्या नावावर वाक्य आहे त्यानं ते म्हटलेलं पाहिजे, आणि छापायच्या आधी वाचून ‘हो’ म्हटलेलं पाहिजे. बाकी शहरात काय चालतं ते मला माहीत आहे. पुढाऱ्यांची भाषणं त्यांचे पीए लिहितात आणि ती ऐकून पुढारीच दचकतात. माझ्याकडे ते चालत नाही.

पहिल्या दिवशी गाळ्यात गेले तेव्हा भिंतीला रंगाचा दुसरा हात चालू होता. पोरीनं मला एका गोणपाटावर बसवलं आणि हातात स्टीलचा डबा दिला. आत नानकटाई. खपली गव्हाची, गूळ घातलेली, जायफळाच्या वासाची. तोंडात टाकली आणि काय सांगू, माझा राग कुठल्या कुठं गेला.

"ही माझ्या अव्वाची," ती म्हणाली. घर मूळचं गडहिंग्लजकडचं, त्यामुळे आईला अव्वा. "दिवाळीला सगळ्या बायका मैदा-साखर घेऊन बेकरीत जायच्या, भट्टीतनं भाजून आणायला. आमची अव्वा खपलीचं पीठ आणि गूळ घेऊन जायची. बेकरीवाले चाचा म्हणायचे, हे भट्टीत पसरंल. न्हाई पसरलं. मग सगळी गल्ली तिच्याकडनंच करून घ्यायला लागली. कॅफे त्याच्यावर उभा हाय, ताई. कॉफी काय, कुणीबी करतंय."

"मग झालं की. अव्वांचाच कोट घेऊ मुख्य."

तिनं आधी रंगाऱ्याला चहा प्यायला पाठवलं. मग म्हणाली, "तेच तर पाहिजे. पण अव्वा इसरायला लागल्या. डॉक्टर म्हणत्यात, हे वाढतच जाणार. अजून सकाळी बरी असत्या. मला येवढंच पाहिजे, ताई, की एकदा तरी चार माणसांम्होरं, पेपरवाल्यांम्होरं, तिनं तिच्या तोंडानं सांगावं की हे मी केलं. नंतर तिला आठवंना का. लोकास्नी तरी म्हाईत असंल."

मी त्या क्षणी ‘अवघड आहे’ म्हणायला हवं होतं. पण नानकटाई तोंडात होती.

अव्वांशी बोलायला मी सकाळचीच जायचे. घर त्याच गल्लीत, मागच्या अंगाला. अव्वा दारातल्या खुर्चीत बसलेल्या असायच्या, इरकल नेसून, केस चोपून बांधून. मला बघून रोज तेच. "या पावणं. च्या घेणार न्हवं?" रोज मी नवी पाहुणी. एकदा मला त्यांनी लाईट-बिल वाटणारी ठरवलं आणि अशी काही झापली की बस. "आकडा एवढा कसा आला? घरात दोन माणसं, दिवा काय आम्ही खातोय व्हय?" मी बिलाची बाजू घेऊन भांडले. काय करणार? त्यांचा रंगच तसा होता. भांडून झाल्यावर चहा दिला तो मात्र आल्याचा, फक्कड.

माहितीचं पान भरताना घोडं जे अडलं ते अडलंच. ‘पाककृती मूळ कुणाची?’ एका सकाळी म्हणाल्या, माझ्या आईची. दुसऱ्या सकाळी, शेजारच्या जंगम काकूंची. तिसऱ्या सकाळी म्हणाल्या, "कुणाची म्हंजे? पिठाची!" मी फोनवर सगळं रेकॉर्ड करून घरी ऐकायचे आणि कपाळाला हात लावायचे. एरवी दोन माणसांची दोन उत्तरं आली तर तिसऱ्याला विचारता येतं. इथं एकाच माणसाकडून तीन उत्तरं, आणि तिन्ही ठाम. शेवटी त्या पानावर मी लिहिलं, ‘घरची पाककृती, अनेक वर्षांपासून’. उपसंपादक म्हणून मीच असलं मोघम वाक्य कचऱ्यात टाकलं असतं.

आणि मग एका सकाळी ते वाक्य आलं. मी काही विचारलंही नव्हतं. पोर आत भांडी घासत होती, नळ चालू होता. अव्वा चहाची बशी फुंकत होत्या. एकदम म्हणाल्या, "पोरगी पुण्यास्नं परत आली तवा मी इचारलं न्हाई का आलीस. डबा उघडला, म्होरं ठेवला. खाल्ली बिचारीनं. मग आपल्या आपण बोलली."

नळ बंद झाला. पोर दारात येऊन उभी राहिली, हाताला साबण तसाच. एवढ्या वर्षांत मी किती माणसांचे कोट लिहिले, घासले, पुसले. असं वाक्य मला एकदाही लिहिता आलं नाही.

"हे चालंल?" पोरीनं विचारलं.

"चालेल काय विचारतेस? यातला एक काना जरी कुणी बदलला तर मी त्याच्या घरी जाऊन भांडीन."

त्या आठवड्यात मी ते छापून नेलं, मोठ्या अक्षरात, आणि अव्वांना वाचून दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "व्हय, मीच म्हटलं की. खोटं हाय व्हय?" म्हणाल्या. मान्यता मिळाली. मी कागदावर त्यांची सही घेतली. सही कानडीत केली, लहानपणी कानडी शाळेत शिकलेली. दुपारी पोरीनं परत वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, हे कोण म्हणालं, तुझी मैत्रीण का? पोरीनं मला फोन केला. सकाळी दिलेला होकार दुपारी माहीतच नसेल, तर तो होकार धरायचा की नाही? माझा सगळा नियम तिथं लटकत राहिला. मी म्हटलं, "सकाळचा होकार खरा." म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर सहीचा तो कागद परत काढून बघितला.

आमचं भांडण झालं ते किटमधल्या पोरीच्या ओळखीवरून. मोठी ओळख मी चांगली लिहिली होती. पुण्यातली नोकरी, कॉफीचं शिक्षण, गावाकडे परत येणं. आणि खाली एक परिच्छेद, आईच्या आजाराचा. मला माहीत होतं की तो परिच्छेद असला की कुठलीही पुरवणी अर्धं पान देणार. ‘आईची चव विसरण्याआधी’ असं काहीतरी हेडिंग मीच मनात लावून मोकळी झाले होते.

तिनं वाचलं आणि कागद माझ्या अंगावर भिरकावलाच. "अव्वा आजारी हाय म्हणून लोक येनार व्हय माझ्या कॅफेत? कीव करायला? गल्लीत कुणाला म्हाईत न्हाई. तिला समजलं तर ती घराबाहेर पडायची न्हाई."

"मग लोकांना कळणार कसं, की हे एकदाच—"

"कळू नये म्हणूनच! तिला शहाणी म्हणून छापायची हाय मला. आजारी म्हणून न्हाय."

मी पण काही गप्प बसणारी नव्हे. म्हटलं, मग पत्रकारांना बोलवायच्या कार्यक्रमात ‘आईशी बोलता येईल’ असं छापायचा हट्ट का? कुणी उलटसुलट विचारलं तर? ती म्हणाली, "सकाळी अकराला ठेवतो. सकाळी अव्वा फर्मास असत्या." मी म्हटलं, ते पेपरवाले आहेत, शाळेची मुलं नव्हेत घंटेला यायला. ती म्हणाली, "ताई, एवढं तरी करा." परिच्छेद काढला. खाली ओळ घातली, ‘अकरा ते साडेबारा या वेळेत आईंशी संवाद’. मला ते पटलं नव्हतं, पण कॅफे तिचा, आई तिची. मी कोण?

फोटोचा दिवस निराळाच तमाशा. फोटोवाला लग्नाचे फोटो काढणारा, हात चांगला, पण सवय लग्नाची. पांढऱ्या छत्र्या उभ्या केल्या, दिवे लावले. अव्वांना नवीन इरकल नेसवून टेबलाशी बसवलं. समोर पीठ, तूप, गूळ. तो सारखा "आज्जी, हिकडं बघा, हसा की जरा" करत होता. अव्वांनी छत्र्यांकडे बघितलं, दिव्यांकडे बघितलं आणि पोरीला कानात विचारलं, पण कान जरा कमी असल्यानं ते सगळ्यांना ऐकू गेलं. "कुणाचं लगीन हाय?"

फोटोवाला हसला. पोरही हसली. "तुझं," म्हणाली.

"माझं झालंय की. पस्तावलोय," अव्वा म्हणाल्या, आणि स्वतःच अशा काही खदखदा हसल्या, की तोच फोटो सगळ्यात चांगला आला. मी त्याला म्हटलं, हाच मूळ फाईलमध्ये दे, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलास तर चिरडून बारीक होतो आणि पेपरात माणसाच्या जागी धब्बा येतो. त्यानं ऐकलं, हे त्याचे उपकार. फोटोखाली ओळ लिहिली, ‘नानकटाईच्या मूळ कर्त्या, कॅफेच्या स्वयंपाकघरात’. पोरीनं ती ओळ तीन-चारदा वाचली. "मूळ कर्त्या," ती नुसतीच म्हणत राहिली.

किट तयार झालं. मजकूर वर्डमध्ये, म्हणजे कुणालाही उचलून घेता येईल. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, प्रत्येक फाईलला नाव. सगळ्या दैनिकांना मेल गेला, सोबत आमंत्रण. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फक्त पत्रकारांसाठी चव घ्यायचा कार्यक्रम, सकाळी अकरा.

त्या सकाळी दहालाच मी पोचले. अव्वा खरंच फर्मास होत्या. काचेच्या कपाटाजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "या पावणं." मी विचारलं, "अव्वा, ही नानकटाई कुणी केली?" "कुणी म्हंजे? मी!" छातीवर हात ठेवून. पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे असे काही चमकले, की मलाही वाटलं, जमतंय की हो सगळं.

अकरा वाजले. कुणी नाही. सव्वाअकराला एका दैनिकातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याचा फोन. कुठल्या तरी पुढाऱ्यानं अचानक पत्रकार परिषद बोलावली होती, सगळे तिकडे. "येतो गं, सगळे तिकडनंच येतो." मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही.

साडेबारा वाजले आणि कुणी आलं म्हणजे कोण, तर माजी नगरसेवक. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण गल्लीत नवीन दुकान उघडतंय आणि त्यांचा सत्कार न होता, असं कसं होईल? सोबत चार कार्यकर्ते, हारतुरे. तेवढ्यात पत्रकारही आले, आणि मग काय विचारता. कॅमेरे आहेत म्हटल्यावर नगरसेवकांनी शाल-श्रीफळ बाहेर काढलं. त्यांनी पोरीचा सत्कार केला. पोरीनं त्यांचा करावा लागला. घरमालकाचा झाला. रंगाऱ्याचाही झाला, तो सहज चहाला आला होता. नको म्हणायची सोय नाही, आमच्याकडे सत्कार नाकारणं म्हणजे भांडण. मी कोपऱ्यात दात खात उभी. घड्याळाकडे बघत होते आणि अव्वांकडे बघत होते. अव्वांची मान हळूहळू खाली जात होती. मध्येच वर बघून त्यांनी विचारलं, "घरी कवा जायाचं?"

मी पोरीला म्हटलं, "आत ने त्यांना. आता नको."

"थांबा, एक मिनिट. बसू द्या," ती म्हणाली. तिची आशा तुटत नव्हती. आणि मला ती तोडता येत नव्हती.

सगळ्यांनी नानकटाई खाल्ली, कॉफी प्याली, वा वा केलं. किटच्या छापील फाईली काखेत मारल्या. जुने बातमीदार सगळे निघाले. त्यांना बोलायचं नव्हतंच. किटमध्ये सगळं आहे म्हटल्यावर कशाला बोलतील? त्यासाठीच तर मी ते बनवलं होतं. एक पोरगी मात्र थांबली. नव्यानं लागलेली बातमीदार, चष्मेवाली. मेलं, नेमकी हीच कशी प्रामाणिक निघावी? माझ्याच जुन्या दैनिकातली. तिनं किटमधलं कोटचं पान उघडलं, त्यावर पेनानं खूण केलेली होती.

"मॅडम, हा कोट फार सुंदर आहे. मी हेडिंगला घेणार आहे. आज्जींकडून एकदा ऐकलं तर बरं होईल. आईंशी बोलता येईल असं लिहिलंय तुम्ही."

काय सांगणार तिला? की वेळ उलटून गेली? वेळ तिनं थोडीच उलटवली होती. मीच असते तर मीही विचारलं असतं, मीही असंच पान पुढे केलं असतं. "अगं, त्या दमल्यात," एवढंच मला म्हणता आलं.

"एकच मिनिट. आज्जी, हे तुमचंच ना? वाचू का?"

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. स्वच्छ, सावकाश, शाळेत धडा वाचतात तसं. ‘पोरगी पुण्यास्नं परत आली तवा मी इचारलं न्हाई का आलीस. डबा उघडला, म्होरं ठेवला. खाल्ली बिचारीनं. मग आपल्या आपण बोलली.’

पोर कपांचा ट्रे घेऊन निघाली होती. ती तशीच थबकली. गाळ्यात नगरसेवकांच्या हाराची फुलं सगळीकडे पडली होती.

अव्वांनी मान वर केली. अगदी लक्ष देऊन ऐकलं. ऐकून झाल्यावर जरा वेळ त्यांचे ओठ हलत होते. देवा, एक ‘व्हय’ म्हणू दे. नुसतं ‘व्हय’.

"चांगली बाई हाय," अव्वा म्हणाल्या. "इचारलं न्हाई तिनं. न्हाईतर बायका पयला इचारतात." मग बातमीदार पोरीकडे वळून, "कुणाची आई ही?"

बातमीदार पोरीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या लक्षात आलं. बिचारीनं पेनाला टोपण लावलं. मी खोटं बोलायला तोंड उघडलं.

पोरीनं ट्रे टेबलावर ठेवला.

"माझी," ती म्हणाली.

अव्वांनी तिच्याकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत, एखाद्या परक्या पोरीकडे बघावं तसं. आणि चेहऱ्यावर माया पण होती, ती लपत नव्हती.

"मग हितं काय कराय लागलीस?" त्या म्हणाल्या. "जा की तिच्याकडं. अशी आई असल्यावर माणूस हितं लोकांचे कप उचलतंय व्हय?"

मी कॉफीच्या मशिनकडे तोंड फिरवलं. पोर रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात खांद्याकडे नेला, खुर्ची ओढली आणि अव्वांच्या शेजारी बसली.

"आलोय की," ती म्हणाली.

"आलीस?"

"व्हय. आलोय."

अव्वांनी मान हलवली. पुढ्यात कुणीतरी अर्धी टाकून गेलेली नानकटाईची ताटली होती. ती त्यांनी हातानं पुसली, टेबलावरच्या स्टीलच्या डब्यातल्या दोन नानकटाया काढून त्यात ठेवल्या आणि पोरीपुढे सरकवली. का आलीस, ते विचारलं नाही.